भाषा-मॉडेलकडून फक्त टीका कशी घ्यायची आणि त्याची नोंद कशी ठेवायची

मसुदा लिहून झालाय, दाखवायला जाणकार वाचक हाताशी नाही, म्हणून तो चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलपुढे ठेवावासा वाटतो. लेखन मात्र आपलंच राहायला हवं, आणि उद्या कुणी विचारलं की यात एआयचा हात किती, तर खरं उत्तर देता यायला हवं. यासाठी मॉडेलला फक्त टीकाकाराचं काम द्यायचं. त्याने दोष दाखवावेत, शंका काढाव्यात. वाक्य एकही देऊ नये, आणि दिलंच तर आपण घेऊ नये. ठरवायला हे सोपं आहे, पण मॉडेलची ओढ दुरुस्त करून देण्याकडे असते. ‘कुठे चुकलंय ते सांग’ म्हटलं तरी ते खाली सुधारित परिच्छेद जोडून मोकळं होतं. तो एकदा वाचला की त्यातले शब्द डोक्यातून जात नाहीत. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा.

आधी नियम, मग मसुदा गोठवणं

तुमचं लेखन कुठे जाणार आहे तिथला नियम आधी वाचा. काही अभ्यासक्रमांत एआयचा कसलाही वापर चालत नाही, टीकेपुरताही नाही. नियमात ‘एआयने लिहिलेला मजकूर चालणार नाही’ एवढंच असेल आणि टीकेबद्दल काहीच नसेल, तर लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

दुसऱ्याचा अप्रकाशित मजकूर मॉडेलमध्ये टाकू नका. परीक्षणासाठी विश्वासाने आलेलं हस्तलिखित तर नाहीच नाही. वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेने जून २०२३ मध्ये निधी-अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांना अशीच मनाई केली, कारण तसं केल्याने गोपनीयता मोडते. मुलाखती दिलेल्यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशीलही आधी काढून टाका.

मग मसुद्याची एक प्रत `v1.txt` अशा नावाने वेगळी ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. मॉडेलला दाखवण्याआधी मजकूर कसा होता याचा तुमच्याकडे हा एकच पुरावा असतो. गुगल डॉक्ससारख्या ठिकाणी जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात, तरी स्वतंत्र प्रत ठेवाच. पुढे ती तुलनेसाठी लागणार आहे.

याच वेळी आणखी एक गोष्ट करा, जी बहुतेक जण करत नाहीत. मसुद्यात तुम्हाला स्वतःला काय कच्चं वाटतं ते दोन-तीन ओळींत लिहून ठेवा. टीका वाचल्यावर ‘हे तर मलाही माहीत होतं’ असं हमखास वाटतं. खरंच माहीत होतं का, हे ठरवायला आधी लिहिलेल्या त्या ओळीच उपयोगी पडतात. कोणता मुद्दा तुमचा आणि कोणता मॉडेलचा, याची नोंद प्रामाणिक व्हायची तर ही सीमा चॅट उघडण्याआधीच आखून ठेवावी लागते.

प्रॉम्प्ट

दरवेळी नवं चॅट उघडा आणि जुन्या गप्पा लक्षात ठेवण्याची सोय असेल तर ती बंद करा. नाहीतर तुमच्या आधीच्या आवडीनिवडी टीकेत मिसळतात. ‘हे मी लिहिलंय, कसं वाटतं?’ असं विचारू नका. विचारणाऱ्याला खूश ठेवण्याकडे मॉडेलचा कल असतो. तशा प्रश्नाला आधी कौतुक येतं आणि दोष मवाळ होऊन येतात. मसुदा कुणाचा हे सांगायची गरजच नाही.

वाक्यांना क्रमांक द्या आणि प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला द्यायची सूचना, अशी काहीतरी लिहा:

```
खालच्या परिच्छेदातल्या वाक्यांना क्रमांक दिले आहेत.
हेतू: छोट्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष मांडणे.
वाचक: विषय नवा असलेला, पण आकडे नीट वाचणारा.

फक्त दोष दाखव. प्रत्येक दोषासाठी लिही:
१) वाक्याचा क्रमांक आणि मसुद्यातले नेमके शब्द
२) वाचकाला तिथे काय अडेल
३) लेखकाने स्वतःला कोणता प्रश्न विचारावा

पर्यायी शब्द, वाक्य किंवा सुधारित मसुदा देऊ नकोस.
मसुद्यात नसलेली माहिती घालू नकोस.
दोष नसेल तर नाही असं सांग.
```

नेमके शब्द मागितल्यामुळे मॉडेल खरंच तुमच्या मजकुराबद्दल बोलतंय की हवेत, हे तपासता येतं. प्रश्न मागितल्याने टीकेचं रूप बदलतं: ‘असं लिहा’ऐवजी ‘हे ठाऊक आहे का?’ असं काहीतरी येतं, आणि त्याचं उत्तर तुम्हालाच शोधावं लागतं. ‘पाच दोष सांग’ असं कधीही म्हणू नका. पाच मागितले तर पाचच येतील; दोनच खरे असले तर उरलेले तीन ओढूनताणून आणलेले असतील.

मजकूर मोठा असेल तर तुकड्यातुकड्याने द्या. लांबलचक मजकुरात मधल्या भागाकडे मॉडेलचं दुर्लक्ष होऊ शकतं, आणि मग तिथे दोष सांगितला नाही याचा अर्थ दोष नाही असा घेता येत नाही.

शुद्धलेखनाची तपासणी या कामात मिसळू नका. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून घेणं म्हणजे थेट मजकुरात बदल करून घेणं. ती टीका नव्हे. तेवढं शब्दकोश घेऊन स्वतः करा. मॉडेलकडून केलंच, तर नोंदीत वेगळं लिहा.

एक परिच्छेद, पाच आक्षेप

समजावण्यासाठी मी एक परिच्छेद रचला आहे. त्यातले आकडे काल्पनिक आहेत.

१. झोपण्याआधी मोबाइल पाहिल्याने झोप बिघडते.
२. आम्ही ४० जणांना प्रश्नावली दिली.
३. त्यातल्या २६ जणांनी झोपण्याआधी मोबाइल पाहतो असं सांगितलं आणि १९ जणांनी सकाळी थकवा जाणवतो असं सांगितलं.
४. यावरून मोबाइल आणि थकवा यांचा संबंध स्पष्ट होतो.

समजा, यावर पाच आक्षेप आले. पहिला वाक्य ३ बद्दल: थकवा सांगणाऱ्या १९ पैकी किती जण त्या २६ मधले आहेत ते कळत नाही. दुसरा वाक्य ४ बद्दल: ‘स्पष्ट होतो’ हा दावा आकड्यांना पेलत नाही, आणि सूचना मोडून सोबत एक पर्यायही आला, ‘संबंध असण्याची शक्यता सूचित होते’. तिसऱ्या आक्षेपात म्हटलं होतं की ‘सर्व विद्यार्थ्यांना’ हे सरसकटीकरण आहे. चौथा: भाषा अधिक ओघवती हवी. पाचवा: शेवटी उपाय सुचवायला हवेत.

प्रत्येक आक्षेपाला एकेक करून तपासायचं. सुरुवात उद्धृत शब्दांपासून करा. ते मसुद्यात शोधा. ‘सर्व विद्यार्थ्यांना’ हे शब्द चारही वाक्यांत कुठेच नाहीत, म्हणून तिसरा आक्षेप तिथेच संपला. मॉडेल तुमच्या तोंडी नसलेले शब्द घालतं, आणि ते इतक्या ठामपणे की नवखा माणूस मसुदा न उघडताच मान डोलावतो. मग पाहायचं की हाच आक्षेप कुठल्याही परिच्छेदाला लागू पडतो का. ‘ओघवती हवी’ कुठेही चिकटवता येतं; कोणतं वाक्य, का अडतं, हे त्यात नाही, म्हणून तेही बाद. पाचवा आक्षेप मजकुराच्या हेतूबाहेरचा आहे. निष्कर्ष मांडायच्या परिच्छेदात उपाय कशाला? तो नाकारायचा, पण कारण लिहून.

पहिल्या आक्षेपात मात्र खरा दम आहे, आणि तो हिशेबाने पडताळता येतो. २६ आणि १९ मिळून ४५ होतात, माणसं तर ४०च आहेत. म्हणजे निदान ५ जण दोन्हीकडे असणारच. जास्तीत जास्त १९ असू शकतात. सामाईक माणसं १९ असतील तर थकलेले सगळेच मोबाइल पाहणारे ठरतात. पण ती ५च असतील, तर मोबाइल पाहणाऱ्या २६ पैकी फक्त ५ जण थकतात आणि न पाहणारे १४च्या १४ जण थकतात. त्याच आकड्यांतून नेमका उलटा निष्कर्ष निघू शकतो. ही टीका पटली ती मॉडेलने केली म्हणून नव्हे, तर आकडे मांडल्यावर ती खरी ठरली म्हणून. मसुद्याच्या लेखकाने आता मूळ प्रश्नावल्यांकडे परत जायला हवं. मॉडेलला पुन्हा विचारून इथे काहीच मिळणार नाही, कारण प्रश्नावल्या त्याच्याकडे नाहीत.

दुसऱ्या आक्षेपातला दोषही खरा आहे. फक्त त्यासोबत आलेलं वाक्य घ्यायचं नाही.

एखादा आक्षेप पटला नाही तर मॉडेलशी वाद घालत बसू नका. तुम्ही जोर लावलात की ते बहुधा माघार घेतं आणि ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणतं. त्यावरून तुमचं म्हणणं खरं ठरत नाही. निकाल मसुदा आणि मूळ माहिती पाहूनच लावायचा.

टीकेवर किती विसंबायचं याचा अंदाज घ्यायला एक साधी चाचणी आहे. मसुद्याच्या वेगळ्या प्रतीत जाणूनबुजून एक चूक घाला. इथे २६च्या जागी ४६ करा. ४० जणांत ४६ कुठून येणार? नव्या चॅटमध्ये ती प्रत द्या. चूक पकडली गेली नाही, तर ‘बाकी सगळं ठीक आहे’ या शेऱ्याला किंमत किती ते समजलं. पकडली गेली तरी त्यावरून एवढंच कळतं की अशा प्रकारची चूक एकदा पकडली गेली. त्या प्रतीचं नाव वेगळं ठेवा, म्हणजे पेरलेली चूक खऱ्या मसुद्यात शिरणार नाही.

नोंद त्याच बैठकीत

उत्तर आलं की ते पूर्ण कॉपी करून `uttar.txt` मध्ये ठेवा. प्रॉम्प्टही जसाच्या तसा ठेवा. चॅटच्या दुव्यावर विसंबू नका; तो पुढे उघडेलच असं नाही, आणि तेच विचारलं तर दुसऱ्यांदा वेगळं उत्तर येऊ शकतं. सेवेचं नाव, पडद्यावर दिसणारं मॉडेलचं नाव आणि तारीख लिहा. तारीख महत्त्वाची, कारण त्याच नावाखाली मॉडेल बदलत राहतं.

मग प्रत्येक आक्षेपावर एक छोटी नोंद, तुमच्या स्वतःच्या शब्दांत:

```
आक्षेप १ | वाक्य ३ | २६ आणि १९ यांतले सामाईक किती?
आधी माझ्या यादीत होता का: नाही
निर्णय: मान्य. सामाईक ५ ते १९ काहीही असू शकतात.
काम: प्रश्नावल्या पुन्हा मोजणे.

आक्षेप २ | वाक्य ४ | दावा आकड्यांपेक्षा मोठा
आधी माझ्या यादीत होता का: हो
निर्णय: मान्य. पर्यायी वाक्य आलं होतं, घेतलं नाही.

आक्षेप ३ | उद्धृत शब्द मसुद्यात नाहीत
निर्णय: अमान्य.
```

नाकारलेले आक्षेपही नोंदीत हवेतच. फक्त मान्य केलेलेच लिहिले, तर पुढे वाचणाऱ्याला मॉडेल अचूक होतं असं वाटतं, आणि तुम्ही स्वतः काय पारखून घेतलंत ते दिसत नाही. ही सगळी नोंद टीका वाचतानाच करा. आठवड्याने आठवून लिहिलेल्या नोंदीत मॉडेलचे चांगले मुद्दे नकळत आपल्या नावावर जमा झालेले असतात.

चॅट बंद करून दुरुस्ती

चॅटची खिडकी बंद करा. समोर फक्त मसुदा आणि तुमची नोंद. नोंदीत दोष तुमच्या शब्दांत असल्याने दुरुस्तीही तुमच्याच शब्दांत होते. समजा, प्रश्नावल्या पुन्हा मोजल्यावर थकवा सांगणाऱ्या १९ पैकी १४ जण मोबाइल पाहणारे निघाले. मग परिच्छेदाचा शेवट असा होईल:

‘झोपण्याआधी मोबाइल पाहणाऱ्या २६ पैकी १४ जणांनी आणि न पाहणाऱ्या १४ पैकी ५ जणांनी सकाळी थकवा जाणवतो असं सांगितलं. फरक आहे, पण माणसं थोडी आहेत. शिवाय मोबाइलमुळे झोप लांबणीवर पडते, की झोप येत नाही म्हणून माणूस मोबाइल हातात घेतो, हे या प्रश्नावलीत विचारलेलंच नव्हतं.’

वाक्य १ सुद्धा आता तसंच ठेवता येणार नाही. ते सर्वेक्षणाआधीच निकाल देऊन मोकळं होतं. गंमत म्हणजे पाचांपैकी एकाही आक्षेपात हे आलं नव्हतं. हिशेब करताना लेखकाच्या स्वतःच्या लक्षात येण्यासारखी ही गोष्ट आहे.

दुरुस्त मसुदा `v2.txt` म्हणून ठेवा आणि मॉडेलचे शब्द आत झिरपले का ते तपासा. नजरेने हे नीट कळत नाही. उत्तरात आणि दुसऱ्या मसुद्यात आहेत पण पहिल्यात नाहीत, असे चार-चार शब्दांचे तुकडे शोधायचे. पायथन चालवता येत असेल तर एवढं पुरेल:

```python
import re

def tukde(file, n=4):
    text = open(file, encoding="utf-8").read()
    s = re.findall(r'[^\s.,;:!?()"“”‘’]+', text)
    return {" ".join(s[i:i+n]) for i in range(len(s)-n+1)}

samaik = tukde("uttar.txt") & tukde("v2.txt")
for t in sorted(samaik - tukde("v1.txt")):
    print(t)
```

इथे `\w+` मुद्दाम वापरलेलं नाही. पायथनच्या `re` मध्ये ते काना-मात्रा-वेलांट्या शब्दाचा भाग धरत नाही, त्यामुळे मराठी शब्दांचे तुकडे पडतात. प्रोग्रॅम लिहिता येत नसेल तर उत्तरातले ठळक शब्दगट दुसऱ्या मसुद्यात हाताने शोधा. वेळ लागतो, पण काम होतं.

काहीच छापून आलं नाही तर निदान चार सलग शब्दांची उचल झालेली नाही. एखादा तुकडा आला तर तो पाहा. ‘मोबाइल पाहणाऱ्या २६ पैकी’ यासारखा तुकडा विषयामुळेच दोन्हीकडे येऊ शकतो. ‘असण्याची शक्यता सूचित होते’ आला, तर तो मॉडेलचा आहे. ते वाक्य खोडून नव्याने लिहा. ही तपासणी फक्त शब्द पकडते. मुद्द्यांचा क्रम, नवा युक्तिवाद, एखादं उदाहरण घेतलं असेल तर ते यात दिसत नाही. त्यासाठी तुमची नोंदच पाहायची.

निवेदन

आता जाहीर करायचा मजकूर. ‘लेखनात एआयची मदत घेतली आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यात शुद्धलेखनही येतं आणि आख्खा लेखही येतो. कोणतं साधन, कधी, कोणत्या टप्प्यावर, कशासाठी, आणि त्यामुळे काय बदललं, हे सांगायचं. आपल्या परिच्छेदासाठी असं:

‘पहिला मसुदा पूर्ण झाल्यावर (मॉडेलचं नाव, तारीख) त्यातले दोष दाखवण्यासाठी एका भाषा-मॉडेलचा वापर केला. त्याच्या पाच आक्षेपांपैकी दोन मान्य केले. सामाईक माणसांची संख्या दिलेली नाही हा मुद्दा मॉडेलने काढला. त्यानंतर प्रश्नावल्या पुन्हा मोजल्या आणि निष्कर्ष बदलला. मॉडेलने दिलेलं पर्यायी वाक्य वापरलेलं नाही. प्रॉम्प्ट, उत्तर आणि दोन्ही मसुदे मागितल्यास उपलब्ध आहेत.’

तिसरं वाक्य लिहायला मन कचरतं. शब्द एकही घेतला नाही, मग हे कशाला सांगायचं, असं वाटतं. पण निष्कर्ष त्या आक्षेपामुळे बदलला आहे, आणि तो आक्षेप तुमच्या आधीच्या यादीत नव्हता. ‘फक्त भाषेच्या तपासणीसाठी वापर’ असं लिहिलंत तर ते खोटं होईल. उलट बाजूने, ‘एआयने पडताळलेलं’ असंही लिहू नका. मॉडेलने काहीही पडताळलेलं नाही. प्रश्नावल्या तुम्ही मोजल्यात.

हे निवेदन कुठे द्यायचं ते ठिकाणानुसार ठरतं. प्रकाशन-नीतीचं काम पाहणाऱ्या कोप या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की एआय साधनाला लेखक म्हणून नाव देता येणार नाही आणि लेखनातला त्याचा वापर कार्यपद्धतीच्या विभागात किंवा तत्सम जागी उघड करायला हवा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही मे २०२३ मध्ये, लेख पाठवतानाच सोबतच्या पत्रात आणि लेखातही हा वापर सांगावा अशी सूचना घातली. नियतकालिकांचे स्वतःचे नियम यापेक्षा कडक किंवा सैल असू शकतात, आणि ते बदलतात. पाठवण्याच्या दिवशीचा नियम वाचा. ठरलेला नमुना असेल तर तोच भरा आणि वरचे तपशील त्यात बसतील तिथे घाला.

पाठवण्याआधी निवेदनातल्या प्रत्येक वाक्यापुढे त्याचा पुरावा असलेल्या फाइलचं नाव लिहून पाहा. ‘पर्यायी वाक्य वापरलेलं नाही’ याला `uttar.txt` आणि `v2.txt` यांची तुलना आहे, ‘दोन मान्य केले’ याला नोंद आहे. एखाद्या वाक्यापुढे काहीच लिहिता आलं नाही तर ते वाक्य काढा. आणि तुलनेत मॉडेलचं एखादं वाक्य तुमच्या मजकुरात सापडलं, ते तुम्हाला ठेवायचंच असेल, तर ठेवा. मात्र मग निवेदनात ‘फक्त टीकेसाठी’ असं म्हणता येणार नाही, आणि ते वाक्य कोणतं हे तिथे लिहावं लागेल.